स्वागत-ईमेल मालिका

नव्या वर्गणीदाराने पत्ता दिल्यावर त्याला ठरावीक अंतराने आपोआप जाणारी, प्रत्येकी एकच हेतू असलेली ईमेल. संख्येबाबत एकमत नाही. लहान व्यवसायाला तीन ते पाच पुरतात.

उदाहरणार्थ, बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत घरगुती फराळ करून विकणारे एखादे कल्पित केंद्र घेऊ. ग्राहक बहुतेक लोकलने मुंबईला जाणारे नोकरदार. पहिली ईमेल नाव नोंदवल्यावर काही मिनिटांतच जावी, कारण नाव कुठे व कशासाठी दिले हे तेव्हाच नीट आठवत असते. कबूल केलेले दरपत्रक तिच्यात असावे आणि शेवटी एकच प्रश्न: चकली भाजणीची हवी की तांदळाची? उत्तर मिळवणे हाच तिचा हेतू. उत्तर देणाऱ्याच्या पेटीत पुढच्या ईमेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते, आणि आवडही कळते.

दुसरी तिसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीच्या वेळेला. भाजणी कुठे भाजली, तेल कोणते, डबा किती दिवस टिकतो, एवढेच सांगावे, हेतू विश्वासाचा. गाडीत नेटवर्क तुटते, म्हणून दर आणि मुख्य मजकूर चित्रात नव्हे, अक्षरांत असावा.

तिसरी सहाव्या दिवशी: पाव किलोच्या पाकिटाची पहिली मागणी. चौथी बाराव्या दिवशी, मागणी न केलेल्यांनाच: दर महिन्याला लिहू की फक्त सणांना? नको असेल तर नाव काढण्याची सोयही तिथेच.

सर्वांत जास्त बिघडते ती बाहेर पडण्याची अट. पाचव्या दिवशी मागणी नोंदवलेल्या ग्राहकाला सहाव्या दिवशी ‘पहिली मागणी करा’ असे पत्र गेले, तर आपल्याकडे कुणाचे लक्ष नाही असे त्याला वाटते. मागणी नोंदताच तो मालिकेतून वगळला जायला हवा. ही चूक ओळखण्यासाठी मागण्यांची वही आणि तिसऱ्या ईमेलची यादी शेजारी ठेवून पाहावी.

मोजमाप. ईमेल किती जणांनी उघडली, या आकड्यावर विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमधील गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेली ईमेलही उघडल्यासारखी दिसू शकते. पहिलीसाठी उत्तरे, तिसरीसाठी मागण्या आणि चौथीसाठी निवडलेला पर्याय मोजावा.

पोच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर रोज ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही ओळखीची तिन्ही साधने आणि प्रचाराच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोय आवश्यक आहे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात. लहान केंद्र रोज इतक्या ईमेल पाठवत नाही, तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम त्यालाही लागते.

कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.