तीन चाकांवरचं एक वर्ष

आमच्या जतकडे वर्षफल बघायचं म्हटलं की लग्नकुंडली काढून मोकळे होतात. थोडा जाणकार ज्योतिषी मात्र एकात एक अशी तीन वर्तुळं आखतो. आतलं लग्नापासून, मधलं चंद्रापासून, बाहेरचं सूर्यापासून. हेच सुदर्शन चक्र. लग्न म्हणजे देह, चंद्र म्हणजे मन आणि सूर्य म्हणजे आत्मा. या तिघांची साक्ष जुळली तरच फल ठामपणे सांगायचं, असा त्यामागचा विचार.

वर्षाची रीत सोपी आहे. जन्मापासून पहिलं वर्ष पहिल्या स्थानाचं, दुसरं दुसऱ्याचं. बारा वर्षांनी फेरा पुन्हा सुरू होतो. चालू वर्षाला बारानं भागावं, बाकी उरेल ते स्थान. शून्य उरलं तर बारावं.

उदाहरण शिवाजी महाराजांचं घेऊ. जेधे शकावलीत जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, हस्त नक्षत्र, सिंह लग्न असा दिला आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. हस्त म्हणजे चंद्र कन्येत; सूर्य तेव्हा कुंभेत होता. तिन्ही राशी वेगळ्या, म्हणजे चक्र वापरायला योग्य पत्रिका.

राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. महाराजांचं पंचेचाळिसावं वर्ष चालू होतं. बाकी नऊ. नववं स्थान भाग्याचं नि धर्माचं. लग्नापासून तिथं मेष येते, चंद्रापासून वृषभ, सूर्यापासून तूळ. पुढं त्या राशींत कोणते ग्रह आहेत, कोणाची दृष्टी आहे, हे तिन्हीकडं पाहून कौल द्यायचा. पुरंदरचा तह जून १६६५ मधला. ते छत्तिसावं वर्ष, म्हणजे बारावं, व्ययाचं स्थान. तेवीस किल्ले गेले. ऐकणारा माना डोलावतो.

पण जरा थांबा. १६७७ साली महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली. तेव्हा अठ्ठेचाळिसावं वर्ष, पुन्हा बारावंच स्थान! ज्योतिषी म्हणेल, बारावं दूरदेशीच्या प्रवासाचंही असतं. खरं आहे, पण हानीही बसते आणि दिग्विजयही बसतो, तर त्या स्थानानं आधी काय सांगितलं असतं?

याहून मोठी अडचण जन्मतारखेची. जेधे शकावली १९१६ साली छापली गेली. त्याआधी बखरींतली शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७, प्रचारात होती. ती धरली तर राज्याभिषेक अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे व्ययस्थानी येतो आणि पुरंदरचा तह पराक्रमाच्या तिसऱ्या स्थानी! तिन्ही चाकं एकाच आऱ्यावर फिरतात. वर्ष चुकलं की तिन्ही साक्षी एकदमच चुकतात.

म्हणून तीन साक्षी ऐकण्याआधी जन्माचा कागद पाहावा. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याच वर्तुळात मिळत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)