खंबाटकी, सकाळी ७.४२

५.१०. पुण्याचं मार्केट यार्ड. पिकअपमध्ये दीड टन माल चढला आहे. बॉनेटखाली, वॉटर पंपाच्या बुडाशी, हिरवट पांढरा खपला वाळून बसला आहे. तो पंपाच्या पोटातल्या एका बारीक छिद्रातून आलेला. सील आणि बेअरिंगच्या मधोमध हे छिद्र मुद्दाम ठेवतात: सीलमधून झिरपलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, आणि कुणाच्या तरी नजरेस यावं म्हणून. जमिनीवर थेंब नव्हता. गरम इंजिनावर झिरपा जागच्या जागी सुकतो.

५.२५. टाकीतली पातळी उतरलेली. चालकाने एक लिटर साधं पाणी ओतलं. कालही ओतलं होतं. पाणी जातं कुठे, हे पाहिलं नाही.

५.४०. स्टार्टर मारताच इंजिनाच्या पुढून घरघर. ॲक्सिलरेटर दिला की ती चढते.

६.०५. कात्रज. रस्त्याकडेच्या मेकॅनिकने कान दिला. बेल्टही किंचाळत होता. ‘बेल्ट ढिला आहे,’ म्हणत त्याने ऑल्टरनेटर मागे खेचून तो ताणला. किंचाळणं थांबलं, घरघर राहिली. बेल्ट उतरवून पुली हाताने फिरवली असती तर खरखर बोटांना लागली असती. पंखा याच पंपाच्या शाफ्टवर बसतो. इंजिन बंद असताना तो धरून हलवला असता तर बेअरिंगचा खेळ कळला असता. पाच-दहा मिनिटांचं काम होतं. झालं ते उलटंच: ताणलेला बेल्ट आता झिजल्या बेअरिंगला एका अंगाने ओढू लागला. माझ्या मते गाडी इथेच गेली.

६.५०. शिरवळ, चहा. आता पंपाखाली थेंब पडताहेत. शाफ्ट डगमगला की सील नीट टेकत नाही. गळती वाढली की कूलंट बेअरिंगपर्यंत पोचतं आणि ग्रीस धुऊन नेतं. ग्रीस गेलं की शाफ्ट आणखी डगमगतो.

७.०५. पुन्हा एक लिटर पाणी. गाडी निघाली.

७.२८. घाटाचा चढ. दुसरा गिअर, काटा पाऊण भागाच्या वर.

७.३७. काटा खाली आला. चालकाला वाटलं, इंजिन निवलं. पाणी सेन्सरच्या खाली गेलं होतं. सेन्सर वाफेत उघडा पडला होता आणि काटा इंजिनाचं तापमान सांगत नव्हता.

७.४२. बेअरिंग फुटलं. पंखा पुढे कलला आणि त्याची पाती रेडिएटरमध्ये घुसली. बेल्ट निसटला, बॅटरीचा लाल दिवा लागला. मागे ट्रकची रांग होती, म्हणून इंजिन बंद न करता त्याने रुंद जागा मिळेपर्यंत गाडी तशीच रेटली.

७.४४. इंजिन आपोआप बंद पडलं.

११.३०. गॅरेज. हेड उतरवलं. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळालेलं. मेकॅनिकने हेडवर सरळ पट्टी आडवी धरली आणि तिच्याखाली फीलर गेजची पानं सरकवून पाहिली. ०.२० मिलिमीटरचं पान मधोमध सहज आत गेलं.