पत्तेशुद्धी व पत्तेजुळणी
पत्तेशुद्धी व पत्तेजुळणी : डेटाबेसमध्ये एकाच जागेचा पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिला गेला असेल, तर त्या नोंदी ओळखून एकत्र आणण्याची प्रक्रिया. आधी पत्ते ठराविक साच्यात बसवतात, मग त्यांच्यातील साम्य मोजतात. हा क्रम उलटा केला तर साम्याचे आकडे फसवे येतात.

साच्यात घरक्रमांक, इमारत, रस्ता, पेठ वा वसाहत, गाव आणि पिनकोड यांचे रकाने वेगळे असतात. पुण्याच्या जुन्या नोंदीत `1206 S. Peth, Pune-30` असे सापडते. त्यातील 30 म्हणजे 411030 हा पिनकोड. तो सदाशिव व शनिवार या दोन्ही पेठांत चालत असल्याने `S. Peth` म्हणजे या दोहोंपैकी एक, इतका उलगडा होतो. `S. Peth` एवढेच हाती असते, तर ती शुक्रवार किंवा सोमवार पेठही असू शकली असती. म्हणून संक्षेप सोडवण्याआधी पिनकोड पूर्ण करावा. मूळ पत्ता मात्र स्वतंत्र रकान्यात जसाच्या तसा ठेवावा. चुकीचा उलगडा नंतर केवळ त्याच्याच आधारे पकडता येतो.

लेखनातील फरक मोजण्याची प्रचलित रीत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा करण्यासाठी कमीत कमी किती अक्षरे घालावी, गाळावी वा बदलावी लागतात, ते ती मोजते. `sadashiv` आणि `sadashiw` यांत एकाच अक्षराचा फरक आहे. आठ अक्षरांत एक, म्हणून साम्य 0.88. पण `budhwar peth` आणि `guruwar peth` यांत फक्त तीन अक्षरे वेगळी असल्याने, मधली मोकळी जागा धरून बारा अक्षरांत साम्य 0.75 येते. हे दोन वेगळे भाग आहेत. दोन्हीकडे सारखाच असलेला `peth` हा आकडा फुगवतो. तो वगळला की साम्य 0.57 वर उतरते. त्यामुळे तुलनेपूर्वी असे सामाईक शब्द बाजूला काढणे अत्यावश्यक ठरते.

घरक्रमांकाला ही रीत मुळीच लावू नये. 1206 आणि 1207 यांत एका अंकाचा फरक असला तरी घरे दोन आहेत. क्रमांक तंतोतंत जुळले पाहिजेत.

एक लाख नोंदींतील प्रत्येक जोडी तपासायची, तर सुमारे 500 कोटी तुलना होतात. म्हणून समान पिनकोडच्या गटातच तुलना करतात. नोंदी शंभर पिनकोडमध्ये सारख्या विभागल्या असतील, तर तुलना सुमारे 5 कोटींवर येतात. मात्र पिनकोडच चुकला असेल, तर खरी जोडी वेगळ्या गटांत पडते आणि कधीच समोर येत नाही. ती सापडावी म्हणून घरक्रमांक व इमारतीचे नाव यांवर दुसरी फेरी घेतात.

कितीच्या पुढे साम्य ग्राह्य धरायचे, हे त्याच नोंदींतील काही जोड्या हाताने तपासून ठरवावे लागते. त्या मर्यादेच्या आसपासच्या जोड्या आपोआप एकत्र न करता माणसाने पाहाव्यात. सुटलेली जोडी पुढे कधीही जोडता येते. चुकून एक केलेली दोन घरे वेगळी करणे त्याहून कितीतरी अवघड असते.