प्रकरणाच्या शिरोभागी कोण बोलते?

मोखाड्याचे एक शिक्षक-मित्र जव्हार-मोखाडा परिसराचा इतिहास स्वखर्चाने छापीत होते. मुकण्यांची राजवट, १९४८ मधील विलीनीकरण, वारल्यांचे लग्नविधी आणि १९९२-९३ मधील वावर-वांगणीचे बालमृत्यू अशी त्यांची प्रकरणे. प्रत्येकाच्या आरंभी ‘त्या प्रकरणाच्या भावाला साजेसे’ एक अवतरण हवे, असा त्यांचा आग्रह होता. बालमृत्यूंच्या प्रकरणासाठी त्यांनी एका नामवंत कवीच्या मातृशोकाच्या ओळी निवडल्या होत्या. त्या ओळींना आम्ही हरकत घेतली. कवितेतल्या आईचे दुःख खरे होते, पण ते भुकेचे नव्हते. शिवाय घडले काय हे वाचकाला कळण्याआधीच त्याच्या डोळ्यांत पाणी आणण्याची ती व्यवस्था होती.

मग भावाशी जुळणे म्हणजे काय? याचे उत्तर शोधताना आमच्या हाती आला तो लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ टिळकांनी १९१५ साली स्वतःच प्रकाशित केला. त्याच्या पंधराही प्रकरणांच्या शिरोभागी एकेक संस्कृत वचन आहे, खाली स्थळनिर्देश आहे आणि तळटीपेत मराठी अर्थ. गीतेवरचा ग्रंथ म्हणून सारी वचने गीतेतलीच असतील असे वाटते. तशी ती नाहीत, आणि जेथे टिळक गीता सोडतात तेथेच त्यांची निवड पाहण्यासारखी आहे.

चौथे प्रकरण ‘आधिभौतिक सुखवादा’चे. हा पक्ष टिळकांना अपुरा वाटतो व पुढे ते तो खोडतातही. पण शिरोभागी त्यांनी खंडनाचे वचन ठेवलेले नाही. महाभारताच्या शांतिपर्वातला (१३९.६१) जो श्लोक त्यांनी घेतला आहे, त्याचा आशय दुःख सर्वांना नकोसे व सुख सर्वांना हवेसे असते, असा आहे. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि तेही आपल्याच परंपरेतले, आधी ऐकवलेले! सहाव्या प्रकरणात मनोदेवतेचा पक्ष तपासायचा आहे, तेथे मनाला शुद्ध वाटेल तसे आचरण करावे असे सांगणारे मनुवचन (६.४६) वर बसवले आहे. न्यायशास्त्रात पूर्वपक्ष आधी मांडण्याची जी रीत आहे, तीच येथे दोन ओळींत पाळली गेली आहे. वचन प्रकरणाचा सूर आळवीत नाही. प्रकरणाला ज्याच्याशी झुंजायचे आहे, त्याला ते पुढे उभे करते.

परंतु याच श्लोकात अवतरणाची मर्यादाही दिसते. शांतिपर्वात तो उच्चारते पूजनी नावाची पक्षिणी. कांपिल्याच्या ब्रह्मदत्त राजाच्या वाड्यात ती राहात असे. राजपुत्राने तिचे पिल्लू मारले, तिने त्याचे डोळे फोडले. राजा म्हणतो, झाले ते फिटले, येथेच राहा. ती नकार देते. त्या नकाराच्या बोलण्यात हा श्लोक येतो. ‘गीतारहस्या’च्या पानावर मात्र केवळ पर्व, अध्याय व श्लोकांक उरतात. पिल्लू गमावलेली आई तेथून नाहीशी होते आणि एक सर्वमान्य सिद्धान्त शिल्लक राहतो. टिळकांना सिद्धान्तच हवा होता, त्यामुळे त्यांचे काही बिघडले नाही. (सर वॉल्टर स्कॉटची गोष्ट निराळी. त्याला मनाजोगते वचन सापडले नाही की तो स्वतःच रचून खाली ‘जुने नाटक’ असे लिहून मोकळा होई.)

पूजनीची कथा आम्ही मित्राला सांगितली तेव्हा ते एकदम म्हणाले, “मग हाच श्लोक बालमृत्यूंवर घालू या!” मोह आम्हालाही झाला होता. मूल गमावलेली आई आणि झाले ते विसर म्हणणारी सत्ता, यापेक्षा चपखल ते काय असणार? पण कथा माहीत नसलेल्याला त्या दोन ओळींत ना आई दिसली असती, ना सत्ता. आणि कथा ठाऊक असणाऱ्याला वाटले असते की वावर-वांगणीच्या आयाच असे बोलल्या. त्या काय बोलल्या, ते प्रकरणात त्यांच्याच शब्दांत आलेले होते.

लग्नविधींच्या प्रकरणावर मित्राने धवलेरीच्या गाण्यातल्या दोन ओळी घेतल्या होत्या. खाली नुसते ‘वारली लोकगीत’. आम्ही विचारले, गायले कोणी? कोणत्या पाड्यावर? अशा गीताला अध्याय-श्लोकांक नसतो. गाणारी बाई, गाव आणि वर्ष हाच त्याचा स्थळनिर्देश. ते पुन्हा त्या पाड्यावर गेले, बाईंना ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला आणि नाव छापायला संमती दिली.

बालमृत्यूंच्या प्रकरणावर शेवटी काहीच घातले नाही. मुद्रिते तपासून परत गेली, तेव्हा मुद्रकाने त्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीने लिहून पाठवले, “येथील मजकूर राहिला आहे काय?”