विष्णूचे चार हात आणि सहा रस

अकरावीच्या वर्गात पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा सुरू झाला की मुलं सर्वांत आधी विचारतात, ‘यात क्रम धरायचा की नाही, हे ओळखायचं कसं?’ भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘लीलावती’त या दोन्ही प्रकारांची उदाहरणं आहेत, तीही एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या प्रकरणांत.

ग्रंथाच्या अखेरच्या अंकपाश प्रकरणात विष्णूच्या मूर्ती येतात. शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधं चार हातांत किती प्रकारे देता येतील? पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक. म्हणजे 4 × 3 × 2 × 1 = 24. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्यांच्या मूर्ती याच अदलाबदलीने वेगळ्या ओळखल्या जातात. आयुधं तीच, पण हात बदलले की मूर्ती बदलते. हा क्रमचय.

सहा रसांचं उदाहरण त्याआधीच्या मिश्रक प्रकरणात आहे, आणि सहा रसांचे 63 भेद तर त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत मोजलेले आहेत. समजा, सहांतले तीन रस घ्यायचे आहेत. एकामागून एक उचलले तर 6 × 5 × 4 = 120 प्रकार होतात. पण चिंचगुळाच्या चटणीत गूळ आधी म्हटला काय नि मिरची आधी म्हटली काय, गोड-आंबट-तिखट हे त्रिकूट तेच राहतं. तीन रसांची नावं सहा तऱ्हांनी घेता येतात, म्हणून प्रत्येक त्रिकूट 120 मध्ये सहा वेळा मोजलं गेलंय. 120 ला 6 ने भागा, खरी त्रिकुटं 20. हा संचय.

भास्कराचार्यांची रीत तर फारच सुरेख आहे. वर 6, 5, 4, 3, 2, 1 आणि खाली 1, 2, 3, 4, 5, 6 लिहायचे. मग वरच्याने गुणत आणि खालच्याने भागत जायचं. 6 भागिले 1 म्हणजे 6. त्याला 5 ने गुणून 2 ने भागलं की 15, पुढे 4 ने गुणून 3 ने भागलं की 20. असंच पुढे 15, 6 आणि 1. बेरीज 63.

मुलं फसतात ती गणितातल्या शब्दांमुळे. ‘निवडा’ दिसलं की संचय, असं ती पाठ करून ठेवतात. पण सहा जणांतून समितीचे दोन सदस्य निवडायचे तर 15 प्रकार होतात आणि अध्यक्ष व सचिव निवडायचे तर 30, कारण इथे जागांना नावं आहेत. तेव्हा सूत्राला हात घालण्याआधी एक उत्तर प्रत्यक्ष लिहून काढा आणि त्यातल्या दोघांची अदलाबदल करा. नवं उत्तर तयार झालं तर क्रम धरा. जुनंच राहिलं तर भागायला विसरू नका.