लोळलेला मका उठतो कसा? एका जुन्या शोधाची गोष्ट



मागच्या आषाढात एका रात्रीच्या वादळी पावसात आमचा गुडघाभर मका एका बाजूला लोळला. सकाळी बांधावर उभं राहून बघितलं तर सगळं वावर आडवं. चुलते म्हणाले, माणसं लावा, एकेक ताट उभं करून माती दाबून घ्या. मी म्हणालो, चार दिवस थांबू. घरात वाद झाला, कारण चार दिवस थांबून मका उठला नाही तर नुकसान माझ्या माथ्यावर येणार होतं. मका उठला. पण सरळ नाही, बुडाशी कोपर काढून उठला. तो कोपर नेमका पेऱ्यावरच होता. दोन पेऱ्यांमधलं कांडं सरळच राहिलं होतं.

हा कोपर का येतो, हे माणसाला कळायला सव्वाशे वर्षं लागली. ती गोष्ट आज लिहितो, कारण लोळलेल्या पिकाला हात लावायचा की नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

पहिला माणूस थॉमस अँड्र्यू नाइट. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरचा जमीनदार, सफरचंदाच्या नवीन जाती काढणारा बागायतदार. मूळ खाली आणि कोंब वर जातो तो जमिनीच्या ओढीमुळे, असं लोक म्हणत होते, पण पुरावा कुणाकडे नव्हता. जमिनीची ओढ बंद करून बघता येत नाही, ही खरी अडचण. नाइटने 1806 मध्ये वाट काढली. बागेतल्या ओढ्यावर पाण्याने फिरणारं चाक बसवलं आणि त्याच्या कडेला घेवड्याचं बी बांधून ते मोडवलं. उभं चाक मिनिटाला सुमारे 150 फेरे घेत होतं, त्यामुळे बी क्षणाक्षणाला उलटंपालटं होत होतं आणि खाली-वर असं काही उरलंच नव्हतं. उरला फक्त चाकाचा बाहेर फेकणारा जोर. सगळी मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला गेली आणि सगळे कोंब मध्यावरच्या आसाकडे वळले. मग त्याने चाक आडवं फिरवलं. आता जमिनीची ओढ खाली आणि चाकाचा जोर बाहेर, असे दोन्ही जोर एकदम होते. मुळं दोन्हींच्या मधल्या तिरक्या दिशेने गेली, आणि चाकाचा वेग वाढवला तशी ती जास्त आडवी झाली. म्हणजे मूळ ओढीची दिशा ओळखतं, हे ठरलं. पण कोणत्या भागाने ओळखतं, हे नाइटला सापडलं नाही.

ते शोधलं चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी. त्यांचं झाडांच्या हालचालींवरचं पुस्तक 1880 मध्ये आलं. त्यांनी राळ्यासारखं बी येणारं कॅनरी गवत घेतलं. ज्वारी-मका उगवताना जमिनीतून जी सुई वर येते ना, ती खरं तर पहिल्या पानावरची पोकळ म्यान असते. गवताची तीच सुई त्यांनी प्रयोगाला वापरली. खिडकीच्या एका बाजूने उजेड आला की सुई खिडकीकडे वाकते, आणि ती वाकते टोकाच्या बरीच खाली. त्यांनी काही सुयांच्या टोकावर उजेड न जाणारी टोपी घातली. खालचा भाग उजेडात असूनही त्या वाकल्या नाहीत. मग उलटं केलं: खालचा भाग बारीक काळ्या वाळूत पुरला आणि फक्त टोक उघडं ठेवलं. त्या वाकल्या. याचा अर्थ उजेड टोकाला कळतो आणि वाकतो खालचा भाग. मधे काहीतरी निरोप जातो.

मुळाचंही तसंच निघालं. मुळाचं टोक काढलं किंवा जाळलं, तर आडवं ठेवलेलं मूळ वाढत राहतं, पण खाली वळत नाही. जर्मनीतला त्या वेळचा सगळ्यात मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स याला हे पटलं नाही. डार्विनचे प्रयोग त्याने कच्चे ठरवले, आणि बराच काळ साक्सच्या शब्दाला वजन राहिलं.

आता हा निरोप म्हणजे काय? डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेनने 1910 ते 1913 च्या दरम्यान ओटच्या सुईचं टोक कापलं, मधे जिलेटिनचा पातळ थर ठेवला आणि टोक परत वर बसवलं. एका बाजूने उजेड दिल्यावर सुई वाकली. म्हणजे निरोप ओल्या थरातून झिरपू शकतो. मग त्याने अभ्रकाची चकती अर्ध्यापर्यंत खोचली. अभ्रकातून काही झिरपत नाही. चकती उजेडाच्या बाजूला असेल तर सुई वाकायची. सावलीच्या बाजूला असेल तर वाकायची नाही. निरोप सावलीच्या बाजूने खाली उतरतो, हे यातून दिसलं. हंगेरीच्या पालने 1919 मध्ये त्याच्यापुढे जाऊन उजेडच काढून टाकला. त्याने अंधारात कापलेलं टोक थोडं सरकवून एका काठावर ठेवलं. ज्या काठावर टोक होतं ती बाजू जास्त वाढली आणि सुई उलट्या बाजूला वाकली.

शेवटचा खिळा हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या फ्रिट्स वेंट या तरुणाने 1926 मध्ये ठोकला. त्याने ओटच्या सुयांची टोकं कापून अगारच्या पातळ थरावर ठेवली. अगार म्हणजे आपल्याकडचं चायना ग्रास. थोड्या वेळाने टोकं फेकून दिली आणि तो अगारचा नुसता तुकडा बिनटोकाच्या सुईच्या एका काठावर ठेवला. सुई वाकली. टोक नाही, उजेड नाही, फक्त अगारमध्ये झिरपलेला पदार्थ आहे, तरी वाकली. एका तुकड्यावर जास्त टोकं ठेवली तर सुई जास्त वाकायची, एका मर्यादेपर्यंत प्रमाणात. म्हणून वाकण्याच्या कोनावरून तो पदार्थ मोजता येऊ लागला. एका बाजूने उजेड दिलेल्या टोकातून दोन बाजूंचा पदार्थ वेगवेगळा गोळा केल्यावर सावलीच्या बाजूला सुमारे दोन भाग आणि उजेडाच्या बाजूला एक भाग आला. या पदार्थाचं नाव पडलं ऑक्सिन. त्याच गावातल्या केगलच्या प्रयोगशाळेने 1934 मध्ये माणसाच्या लघवीतून इंडोल ॲसेटिक ॲसिड वेगळं काढलं. झाडातलं मुख्य ऑक्सिन तेच आहे, हे पुढे ठरलं. आपण कलमाला लावतो ती आयबीए पावडर आणि फवारतो ते एनएए ही त्याचीच भावंडं.

त्याच सुमारास कीवमधल्या खोलोदनीनेही स्वतंत्रपणे हाच विचार मांडला, म्हणून याला खोलोदनी-वेंट सिद्धांत म्हणतात. झाड एका बाजूला ऑक्सिन जास्त सोडतं, दोन बाजू कमीजास्त वाढतात आणि त्यामुळे झाड वाकतं. खोडाला ऑक्सिनने वाढ मिळते, म्हणून सावलीची बाजू लांबते आणि शेंडा उजेडाकडे झुकतो. खोड आडवं पडलं की ऑक्सिन खालच्या बाजूला गोळा होतं, ती बाजू लांबते आणि खोड वर उठतं. मूळ मात्र ऑक्सिनला फार नाजूक. खोड ज्या मात्रेने वाढतं, त्या मात्रेने मुळाची वाढ अडते. म्हणून आडव्या मुळाची खालची बाजू थांबते, वरची वाढते आणि मूळ खाली वळतं. निरोप एकच, पण खोडाने आणि मुळाने त्याचा अर्थ उलटा घेतला.

आता उरला एक प्रश्न: खाली कुठे आहे, हे झाडाला कळतं कसं? त्याचं उत्तर 1900 मध्येच दोघांनी वेगवेगळं दिलं होतं, प्रागच्या नेमेकने आणि ग्राझच्या हाबरलांटने. मुळाच्या टोकावरच्या टोपीत मधोमध काही पेशी असतात. त्यांत पिठाने म्हणजे स्टार्चने भरलेले जड कण असतात. त्यांना स्टॅटोलिथ म्हणतात, आपण तोलकण म्हणू. मूळ उभं असेल तर ते पेशीच्या तळाला बसतात. मूळ आडवं केलं की काही मिनिटांत घरंगळून नव्या खालच्या भिंतीवर येतात, जसं धान्याचं पोतं आडवं केलं की दाणे खालच्या बाजूला सरकतात. पेशीला त्यावरून खाली कळतं. मग पेशीतून ऑक्सिन बाहेर ढकलणारी पिन नावाची प्रथिनं खालच्या बाजूला जमतात, आणि ऑक्सिन तिकडे वळतं. हे 2002 च्या आसपास दिसलं. तृणधान्यांच्या खोडात असेच तोलकण पेऱ्याजवळच्या फुगीर भागात असतात. माझ्या मक्याचा कोपर पेऱ्यावर का आला, ते आता कळलं असेल.

पण सगळं तोलकणांवर टाकू नका. 1989 मध्ये अरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपात स्टार्चच न बनवणारं वाण तपासलं गेलं. त्याचं मूळ खाली वळलं, फक्त हळू आणि कमी. म्हणजे पीठ नसलेले कणही थोडंफार काम करतात. पिठाने काम चोख होतं, एवढं नक्की.

घरी बघायचं असेल तर मक्याचे मोड आलेले आठ-दहा दाणे घ्या. ओल्या कागदाला टेकवून काचेच्या ग्लासात उभे ठेवा. मूळ दोन-तीन सेंटीमीटर झालं की ग्लास अंधारात आडवा करा. काही तासांत मुळं खाली वळू लागतील. अर्ध्या मुळांची नुसती टोकाची टोपी धारदार ब्लेडने काढून बघा. ती वाढतील, पण वळणार नाहीत. टोपी परत आली की वळायला लागतील. डार्विनचा आणि नेमेकचा प्रयोग एकाच ग्लासात होतो.

आता वावरात याचा उपयोग. वळायला वाढणारी पेशी लागते. म्हणून लहान मका उठतो. तुरा आल्यावर लोळलेला फारसा उठत नाही, कारण पेरे घट्ट झालेले असतात. दोन-तीन दिवसांनी आडवं ताट हातात घ्या आणि पेरा बघा. खालची बाजू वरच्यापेक्षा जाड, पाचरीसारखी दिसली तर ऑक्सिन कामाला लागलं आहे, हात लावू नका. ओढून उभं केलं तर धरून असलेली मुळं तुटतील. शिवाय पेऱ्याने आधीच घेतलेलं वळण आता उलट्या कामाचं होईल. कांडं मोडून पिचलं असेल किंवा मुळासकट उपटलं असेल, तर पाचर येत नाही. त्याचं उत्तर या शास्त्रात नाही.

त्या दिवशी मी चुलत्यांना हाच पेरा दाखवला. त्यांनी तीन ताटं तपासली, काही बोलले नाहीत आणि माणसं सांगायला निघालेल्या पोराला मागे बोलावलं.