दोन आकड्यांमधला वेळ

गोराईच्या आमच्या सेक्टरमधला एक तरुण गेल्या आयपीएलनंतर माझ्याकडे मोबाईल घेऊन आला. "काका, फक्त दोन हजार भरले होते, गेले कसे तेच कळत नाही," म्हणाला. अॅपमधला हिशेब आम्ही दोघांनी बसून उतरवून काढला. भरलेली रक्कम खरोखरच २,००० होती, पण लावलेल्या पैजांची बेरीज भरली जवळजवळ ४०,०००. जिंकलेले पैसे खात्यातच राहत होते आणि पुन्हा पुन्हा लागत होते.

मुंबईच्या मटक्याची माहिती मी काही वर्षे गोळा करतो आहे. त्यामुळे हा हिशेब पाहताना मला वरळी आठवली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर इथे आकडा लागत असे. ते भाव १९६१ मध्ये बंद झाले. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी मटका' काढला. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे 'ओपन'. काही तासांनी त्याच रीतीने 'क्लोज' निघे. दोन्ही मिळून जोडी.

एका आकड्यावर रुपयाला नऊ रुपये मिळत. आकडे दहा, म्हणजे मटकेवाल्याचा हिस्सा शेकडा दहा. जोडीला नव्वद मिळत आणि जोड्या शंभर, म्हणजे तिथेही हिस्सा तेवढाच. हा दर काही सौम्य नव्हता. गिरणगावातली कितीतरी घरे त्याने पोखरली. पण या धंद्याला एक लगाम होता आणि तो कोणी दयेपोटी घातलेला नव्हता. चिठ्ठी लिहायला माणूस लागे, पैसे रोख मोजावे लागत आणि क्लोज येईपर्यंत वाट पाहावी लागे. जिंकलेली रक्कम हातात पडे आणि ती घेऊन माणूस घरी जाऊ शके.

आता हिशेब मांडू. मटक्यात दिवसाला दहा रुपये ओपनवर आणि दहा क्लोजवर लावणाऱ्याचे सरासरी नुकसान दोन रुपये. अॅपचा हिस्सा त्याच्या निम्मा, म्हणजे शेकडा पाच धरा. टी-ट्वेंटी सामन्यात दोन्ही डावांची मिळून चाळीस षटके होतात. प्रत्येक षटकावर दहा रुपये लावले तर पैज ४०० ची आणि सरासरी नुकसान वीस रुपये. दर निम्मा झाला, नुकसान दहापट झाले. आमच्या तरुणाचे दोन हजार असेच गेले: ४०,००० चे पाच टक्के.

म्हणून अॅपची रचना पाहताना मी दर नंतर पाहतो. आधी पाहतो की दोन पैजांमधला वेळ कोण कमी करतो. 'पुन्हा लावा' हे बटण रक्कम लिहिण्याचा क्षण काढून टाकते. मागचाच आकडा तयार असतो, बोट टेकवायचे एवढेच. सूचनेची घंटी माणसाने खेळ सोडून दिलेल्या वेळेला गाठते: 'सामना रंगतोय', 'बोनस आज रात्री संपतो'. मटक्याच्या अड्ड्यावर निदान पायी जावे लागे. इथे अड्डा खिशात येऊन हाक मारतो. सलग दिवसांचा बिल्ला तर जिंकल्याचा नसतोच, तो फक्त रोज आल्याचा असतो. एक दिवस चुकला की बिल्ला पुसला जातो. मग माणूस पैशासाठी नाही, तर बिल्ला जाऊ नये म्हणून खेळतो. भरणा क्षणात होतो, पण पैसे काढताना थांबावे लागते. आणि थांबण्याच्या त्या वेळात पैसे पुन्हा लागतात.

वेगच घातक आहे हे ब्रिटनच्या जुगार आयोगाने नियमात उतरवले. ऑनलाइन स्लॉट खेळांत ऑक्टोबर २०२१ पासून एका फेरीला किमान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत, आपोआप फेऱ्या चालवण्याची सोय बंद, आणि लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी परत मिळाले तर विजयाचा जल्लोष दाखवायचा नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे पैशांचे व्यवहार यांवर बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण मटकाही १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या छायेतच वाढला होता आणि परदेशातून चालणारे अॅप दुसऱ्या नावाने पुन्हा उघडता येते. म्हणून ओळखण्याची खूण आपल्याजवळ असलेली बरी. खात्यात किती भरले हे पाहू नका, एकूण किती लावले ते पाहा. ही बेरीज भरण्याच्या अनेक पट निघाली, तर तुम्ही खेळत नव्हता, तुम्हाला खेळवले जात होते.

त्या तरुणाने सूचना बंद केल्या, अॅप काढून टाकले. बेरजेचा कागद मात्र जपून ठेवला आहे. मटक्यातल्या चिठ्ठीनंतर कितीतरी वर्षांनी कोणीतरी पैज कागदावर उतरवली होती.